चुकीच्या खात्यात गेलेले पैसे: ट्रेस मागायचा की रिकॉल?

परदेशातल्या खात्यात पैसे पाठवताना खाते क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट झाले, किंवा जतन केलेल्या यादीत भलत्याच नावावर बोट पडलं, की माणूस बँकेला फोन लावून पहिलं वाक्य बोलतो, "ते ट्रान्झॅक्शन रद्द करा." पलीकडून उत्तर येतं, "विनंती पाठवतो." ग्राहकाला वाटतं, काम झालं. बँकेने मात्र रद्द करण्याचं कबूल केलेलंच नसतं. तिने फक्त दुसऱ्या बँकेला विचारण्याचं कबूल केलेलं असतं. पुढे होणारा बराचसा मनस्ताप या गैरसमजातून येतो.

बँकेला स्वतःहून पैसे ओढून का घेता येत नाहीत, ते आधी पाहू. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे जातात म्हणजे प्रत्यक्षात नोंदी बदलतात. तुमची बँक तुमच्या खात्यातून रक्कम वजा करते आणि पुढच्या बँकेला संदेश पाठवते. दोन्ही बँकांचा थेट व्यवहार नसेल तर मध्ये एखाददुसरी मध्यस्थ बँक असते. प्रत्येक बँक आपल्या वहीतली नोंद करते आणि संदेश पुढे सरकवते. शेवटची बँक ज्या क्षणी रक्कम खातेदाराच्या नावे जमा करते, त्या क्षणापासून ती रक्कम तिच्या दृष्टीने तिच्या ग्राहकाची असते. त्या खात्याला तिच्या ग्राहकाच्या संमतीशिवाय, किंवा कायद्याच्या आदेशाशिवाय, ती सहसा हात लावत नाही. तुमच्या बँकेला तर त्या वहीवर काहीच अधिकार नसतो.

म्हणून दोन वेगळे शब्द वापरात आहेत. ट्रेस म्हणजे पैसे आत्ता कुठे आहेत याची चौकशी. रिकॉल म्हणजे ते परत पाठवा अशी विनंती. अडचण अशी की, घाबरलेला ग्राहक "माझे पैसे पोचले नाहीत, बघा ना" असं म्हणतो आणि कर्मचारी त्याची नोंद ट्रेस म्हणून करतो. चौकशी जाते, काही दिवसांनी उत्तर येतं: "सूचनेत दिलेल्या खात्यात रक्कम जमा झाली आहे." बँकेच्या दृष्टीने प्रश्न सुटला, फाइल बंद. उत्तर खरं असतं, चौकशीही नीट झालेली असते, फक्त पैसे परत मागितलेलेच नसतात. तोवर समोरच्या खात्यातून रक्कम निघूनही गेलेली असू शकते. त्यामुळे खाते चुकलं आहे हे नक्की ठाऊक असेल तर एकाच अर्जात दोन्ही मागावं, आणि रिकॉल हा शब्द तोच लिहावा.

एक उदाहरण

समजा एका ग्राहकाने गुरुवारी संध्याकाळी परदेशातल्या घरमालकाला 3,800 डॉलर पाठवले. खाते क्रमांकाचा शेवट 4718 असा होता, त्याने 4178 टाइप केलं. बँक बरोबर, नाव बरोबर, फक्त मधले दोन आकडे उलटे. शुक्रवारी सकाळी घरमालक म्हणाला, काही आलं नाही. ग्राहकाने पावती काढून आकडे ताडून पाहिले आणि चूक सापडली.

नाव बरोबर होतं, मग बँकेने अडवलं का नाही, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. बहुतेक ठिकाणी रक्कम जमा करताना यंत्रणा खाते क्रमांक पाहते, नाव नाही. कायदाही अनेक देशांत बँकेला क्रमांकावर विसंबू देतो. युरोपीय संघाच्या पेमेंट सेवा नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की, ग्राहकाने दिलेला क्रमांक चुकीचा असेल तर चुकीच्या खात्यात गेल्याबद्दल बँक जबाबदार नाही. भारतातही रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच बँकांना केवळ क्रमांकाच्या आधारे रक्कम जमा करण्याची मुभा दिली. अलीकडे पैसे पाठवण्याआधी नाव आणि खाते क्रमांक जुळतात का ते ताडून दाखवण्याची सोय वाढते आहे. ब्रिटनमध्ये ती 2020 पासून आहे, युरो क्षेत्रात ऑक्टोबर 2025 पासून ती बंधनकारक झाली. पण देशाची सीमा ओलांडणाऱ्या ट्रान्सफरमध्ये ती मिळेलच याचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे "नाव जुळत नव्हतं, मग जमा कसं केलं?" या मुद्द्यावर बँकेशी भांडत बसलं तर बहुतेक वेळा वेळच जातो. आणि या प्रकरणात सगळ्यात मोलाची गोष्ट वेळच असते.

आकडे चुकण्याच्या बाबतीत एक दिलासा आहे, तोही सगळ्यांना नाही. अनेक देशांतले खाते क्रमांक आयबॅन पद्धतीचे असतात. त्यात देशाच्या दोन अक्षरांनंतर दोन तपासणीचे आकडे असतात. संपूर्ण क्रमांकाचं एका ठरावीक पद्धतीने आकड्यांत रूपांतर करून 97 ने भागलं तर बाकी 1 उरली पाहिजे. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटले तर हे गणित जवळजवळ नेहमीच बिघडतं आणि ट्रान्सफर सुरू होण्याआधीच अडतं. म्हणून आयबॅन असलेल्या ठिकाणी चुकीचे पैसे जातात ते टायपिंगमुळे कमी, यादीतून चुकीचं नाव निवडल्यामुळे किंवा जुना क्रमांक वापरल्यामुळे जास्त. अमेरिका आणि भारतासारख्या देशांत आयबॅन नाही. तिथे उलटलेले आकडे दुसऱ्याच कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या खात्याशी जुळू शकतात. आपल्या उदाहरणात तेच झालं आहे असं धरू.

पैसे कुठे आहेत यावर सगळं अवलंबून

ग्राहकाने आता पहिली गोष्ट हातात घ्यायची ती ट्रान्सफरची पावती. तिच्यावर, किंवा अ‍ॅपमधल्या तपशिलात, `UETR` नावाची एक ओळ असते. दिसायला ती अशी असते:

```
3f9a1c72-5b0e-4d86-a9e4-70c2d81b6f35
```

आडव्या रेघांसकट 36 चिन्हं. स्विफ्ट म्हणजे बँकांचे संदेश एकमेकींकडे नेणारं जाळं. त्यातून जाणाऱ्या ट्रान्सफरला हा क्रमांक 2018 च्या अखेरीपासून सक्तीचा आहे आणि वाटेतली कोणतीही बँक तो बदलू शकत नाही. तुमच्या बँकेचा स्वतःचा संदर्भ क्रमांक पुढच्या बँकेला काहीच सांगत नाही, हा मात्र पहिल्या बँकेपासून शेवटच्या बँकेपर्यंत तोच राहतो. पावतीवर छापलेला नसेल तर बँकेकडून लेखी मागून घ्या. बँकेकडे तो असतोच. काही शाखांमध्ये काउंटरवर तो ठाऊक नसतो, अशा वेळी परदेशी व्यवहार पाहणाऱ्या विभागाकडे विचारायला सांगा.

या क्रमांकावरून बँक स्विफ्टच्या ट्रॅकरमध्ये स्थिती पाहू शकते. तिथे दिसणाऱ्या कोडपैकी तीन ग्राहकाने ओळखावेत. `ACSP` म्हणजे ट्रान्सफर अजून वाटेत आहे. `ACCC` म्हणजे शेवटच्या खात्यात जमा झाली. `RJCT` म्हणजे कुणीतरी नाकारली आणि पैसे परतीच्या वाटेला लागतील. फोनवर "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच ऐकून समाधान मानू नका. नेमका कोड कोणता आणि तो कोणत्या बँकेने कधी नोंदवला, हे विचारा.

रक्कम अजून तुमच्याच बँकेत पडून असेल, उदाहरणार्थ रात्री उशिरा टाकलेली ट्रान्सफर सकाळच्या फेरीत जायची असेल, तर ती खरोखर रद्द होऊ शकते. "रद्द करा" हा शब्द फक्त इथेच बरोबर आहे. रक्कम मध्यस्थ बँकेत असेल तर स्विफ्टमध्ये थांबवण्याची आणि परत बोलावण्याची सोय आहे. `UETR` वर खूण लागली की तो संदेश पुढे ज्या बँकेपाशी दिसेल तिथे त्याला अडवता येतं. यश मिळण्याची खरी शक्यता या टप्प्यापर्यंतच असते, आणि हा टप्पा अनेकदा काही तासांचाच असतो. म्हणून सोमवारी शाखेत जाऊन अर्ज देऊ असं ठरवणारा ग्राहक रविवारीच ती संधी गमावून बसलेला असू शकतो. फोनवर किंवा अ‍ॅपवर तक्रार आधी, कागद नंतर.

तिसरी शक्यता अशी की, टाइप केलेला क्रमांक कुणाच्याच खात्याचा नाही. मग शेवटची बँक रक्कम जमाच करू शकत नाही. ती थोडे दिवस तात्पुरत्या खात्यात पडून राहते आणि परत येते. काही वेळा दुरुस्तीची विचारणाही होते. अशा वेळी रिकॉल मागितला तर परतीचा प्रवास लवकर सुरू होतो, पण तो न मागताही पैसे बहुधा येतात.

चौथी शक्यता आपल्या ग्राहकाची. शुक्रवारी दुपारी कोड `ACCC` दिसला. 3,800 डॉलर एका अनोळखी माणसाच्या खात्यात पोचले होते.

अर्जात काय लिहायचं

इथे शब्द जपून वापरावे लागतात. बँकेतला माणूस तुमचा अर्ज वाचून एक ठरावीक संदेश तयार करणार. त्या संदेशाचं नाव `camt.056`, जुन्या पद्धतीत `MT192`. त्यात कारणाचा एक कोड असतो. एकच पेमेंट दोनदा गेलं तर `DUPL`, फसवणूक असेल तर `FRAD`, ग्राहकाच्या विनंतीवरून असेल तर `CUST`. तुमच्या अर्जातल्या भाषेवरून हा कोड ठरतो. लवकर हालचाल व्हावी म्हणून स्वतःच्या चुकीला "फसवणूक" म्हणायचा मोह होतो आणि शेजारीपाजारीही तसा सल्ला देतात. तसं करू नका. फसवणुकीच्या प्रकरणाची वाट वेगळी असते. तुम्हाला कुणी, कधी, कसं फसवलं याचे प्रश्न येतात, काही ठिकाणी पोलिसांकडची नोंद मागतात, आणि पुढे उत्तरं जुळली नाहीत की मूळ खरी मागणीही संशयात सापडते.

आपल्या ग्राहकाच्या अर्जाचा गाभा असा असेल:

"मी गुरुवारी संध्याकाळी 3,800 अमेरिकी डॉलर पाठवले. खाते क्रमांक टाइप करताना माझ्याकडून शेवटच्या चार आकड्यांत चूक झाली. हवे होते 4718, टाइप झाले 4178. ज्या खात्यात रक्कम गेली त्या खातेदाराशी माझा कोणताही व्यवहार नाही. या ट्रान्सफरचा ट्रेस घ्यावा आणि रिकॉल आजच पाठवावा. रक्कम जमा झालेली असेल तर खातेदाराकडून ती परत करण्याची संमती मागावी. परतीचा खर्च रकमेतून कापण्यास माझी हरकत नाही. रिकॉल पाठवल्याची तारीख, वेळ आणि संदर्भ क्रमांक मला लेखी कळवावा."

सोबत `UETR`, पावती आणि खऱ्या घरमालकाच्या खात्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार किंवा त्याने क्रमांक पाठवलेला संदेश. हा पुरावा फार उपयोगी पडतो. बरोबर आणि चुकीचा क्रमांक शेजारी शेजारी ठेवले की चूक कुणालाही दिसते. समोरची बँक आपल्या ग्राहकाशी बोलेल तेव्हा तिला दाखवायला काहीतरी ठोस असतं. शेवटचं वाक्यही विसरू नका. रिकॉल "पाठवला" असं तोंडी सांगितलं जातं आणि तो प्रत्यक्षात दोन दिवसांनी निघतो, असं घडू शकतं. तारीख-वेळ लेखी मागितली की काम हलतं, आणि पुढे तक्रार करावी लागली तर बँकेच्या दिरंगाईचा पुरावाही हाताशी असतो. चूक ग्राहकाची असली तरी विनंती वेळेत पुढे न पाठवणं ही बँकेची चूकच.

बँक तुमच्याकडून हमीपत्र मागू शकते. पैसे परत केल्यामुळे समोरच्या बँकेवर कुणी दावा केला तर त्याची भरपाई तुम्ही कराल, असा त्याचा अर्थ. समोरच्या बँका अशी हमी बरेचदा मागतात, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. सही करण्याआधी रक्कम आणि व्यवहार तेवढाच नमूद आहे ना, हे वाचून घ्या.

समोरचा माणूस गप्प का बसतो

रिकॉल पोचला की समोरची बँक आपल्या खातेदाराला कळवते: तुमच्या खात्यात चुकून रक्कम आली आहे, परत करायला संमती द्या. आपल्याला वाटतं, प्रामाणिक माणूस लगेच हो म्हणेल. पण क्षणभर त्याच्या जागी उभं राहून पाहा. खात्यात अनोळखी रक्कम येते आणि मग कुणीतरी म्हणतं, "चुकून पाठवली, परत द्या." फसवणुकीचा हा एक जुना डाव आहे. आधी चोरीचे पैसे कुणाच्या तरी खात्यात टाकायचे, मग दुसऱ्या खात्यात "परत" मागायचे. नंतर मूळ रक्कम चोरीची ठरून काढून घेतली जाते आणि भल्या माणसाला स्वतःच्या खिशातून भुर्दंड बसतो. म्हणून सावध माणूस उत्तरच देत नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, समोरचा माणूस तुम्हाला सापडला तरी त्याला तुमचा खाते क्रमांक पाठवून "इथे टाका" म्हणू नका. बँकेकडून आलेल्या विनंतीला संमती द्या, एवढंच सांगा. परतीचा रस्ता बँकेतूनच असला की दोघांकडेही नोंद राहते. दुसरी, रिकॉल चालू असताना त्याने परस्पर पैसे पाठवले तर तुमच्या बँकेला लगेच कळवा, नाहीतर एकच रक्कम दोनदा परतण्याचा घोळ होतो.

उत्तराला मुदत आहे का? युरोमधल्या ट्रान्सफरसाठी असलेल्या सेपा व्यवस्थेत आहे. समोरच्या बँकेने 15 कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं, आणि अशी विनंती ग्राहकाला पैसे वजा झाल्यापासून 13 महिन्यांपर्यंत करता येते. साध्या आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरमध्ये सगळ्या बँकांना सारखी लागू होणारी अशी मुदत नसते. तिथे तुमच्या बँकेला दर आठवड्याला लेखी स्मरणपत्र पाठवायला सांगणं एवढंच हातात उरतं.

उत्तर येतं ते `camt.029` या संदेशातून. नकार असला तरी त्याच्यासोबतचा कोड मागून घ्या, कारण पुढची पायरी त्यावरून ठरते. `NOAS` म्हणजे खातेदाराने उत्तर दिलं नाही. हा खरा नकार नाही. पुरावे जोडून पुन्हा विनंती पाठवायला जागा आहे. उत्तरातल्या `CUST` चा अर्थ विनंतीतल्यापेक्षा वेगळा: खातेदार स्पष्ट नाही म्हणाला. `AM04` म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही. त्याने संमती दिली असेल आणि शिल्लक नसेल तर हप्त्याने परत घ्यायची तयारी दाखवता येते. `AC04` म्हणजे खातं बंद झालं आहे.

`CUST` आलं तर बँकेचा रस्ता जवळजवळ संपतो, कायद्याचा सुरू होतो. दुसऱ्याच्या चुकीने आलेला पैसा ठेवून घेण्याचा हक्क बहुतेक कायदेपद्धतींत कुणाला मिळत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 72 मध्ये तर चुकून मिळालेली रक्कम परत करावीच लागेल असं सरळ लिहिलं आहे. पण दावा करायचा कुणावर? बँक गोपनीयतेमुळे खातेदाराचं नाव सांगत नाही. युरोपीय संघात यावर तोडगा आहे. वसुली झाली नाही तर तुमच्या बँकेने, लेखी मागणीवरून, दावा दाखल करण्यासाठी लागणारी तिच्याकडची माहिती तुम्हाला द्यावी लागते. इतर अनेक ठिकाणी न्यायालयाकडून समोरच्या बँकेला नाव उघड करण्याचा आदेश मिळवावा लागतो. दुसऱ्या देशात वकील लावायचा तर 3,800 डॉलरसाठी ते परवडेल का, हा हिशेब प्रत्येकाला स्वतःच करावा लागतो. माझं मत असं की, त्याआधी वकिलाची एक नोटीस समोरच्या बँकेमार्फत खातेदाराला पोचवण्याची विनंती करून पाहावी. नुसत्या विनंतीला उत्तर न देणारा माणूस कायद्याचा कागद पाहून कधीकधी संमती देतो.

पैसे आले, पण कमी आले

आपल्या ग्राहकाचं नशीब बरं, असं धरू. तिसऱ्या आठवड्यात खातेदाराने संमती दिली आणि परतीचा संदेश, `pacs.004`, निघाला. तरी खात्यात 3,800 डॉलर येत नाहीत. समोरच्या बँकेने समजा 25 डॉलर परतीचं शुल्क घेतलं, मध्यस्थ बँकेने 15 कापले, राहिले 3,760. तुमचं खातं दुसऱ्या चलनात असेल तर पाठवताना बँकेने एका दराने डॉलर विकले होते, आता ती दुसऱ्या, तुम्हाला तोट्याच्या दराने ते विकत घेणार. ट्रेस आणि रिकॉलचं तुमच्या बँकेचं शुल्क वेगळं. पाठवतानाचं शुल्क तर गेलेलंच असतं. हे सगळं चुकीच्या क्रमांकाच्या खर्चातच धरायचं, पण मध्यस्थ बँकेने किती कापलं हे त्या संदेशात दिसतं आणि ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ही रक्कम खात्यात नव्या संदर्भ क्रमांकाने जमा होते, त्यामुळे जुना क्रमांक टाकून शोधलं तर सापडत नाही. बँकेकडून मूळ `UETR` शी जोडलेली परतीची नोंद मागा आणि रिकॉलची फाइल बंद झाल्याचं लेखी घ्या. घरमालकाचं भाडं मात्र या सगळ्यासाठी थांबवून ठेवता येत नाही. ते वेगळं पाठवावंच लागतं, आणि या वेळी आधी छोटी रक्कम पाठवून ती त्याला मिळाल्याची खात्री झाल्यावर उरलेली पाठवावी.